मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन : संचालक मंडळांनी या चुका टाळाव्यात

नागरी सहकारी बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकाच्या, म्हणजेच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या, कामगिरीचा संचालक मंडळाने दरवर्षी आढावा घ्यावा, असे भारतीय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२१ च्या निर्देशांत म्हटले आहे. तरीही अनेक बँकांत हा विषय मे महिन्याच्या सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात, चहा येण्याच्या सुमारास, पाच-दहा मिनिटांत उरकला जातो. धोरण, आर्थिक कामगिरी, मनुष्यबळ आणि सचोटी असे चार रकाने असलेला तक्ता फिरतो, सगळे संचालक साधारण सारखेच गुण देतात आणि वेतनवाढीचा ठराव एकमताने संमत होतो. या पद्धतीत कोणत्या चुका वारंवार होतात आणि त्यांची किंमत बँकेला कशी मोजावी लागते, हे येथे मांडत आहे.

३१ मार्चच्या आकड्यांवर गुण देणे

ही चूक मी सर्वाधिक पाहिली आहे आणि माझा तिच्यावर सर्वाधिक राग आहे. ताळेबंद ३१ मार्चचा असतो, म्हणून मूल्यमापनही त्याच तारखेच्या आकड्यांवर करावे, असे मंडळाला साहजिकच वाटते. परंतु वर्षातला हा असा एकच दिवस आहे, ज्याची तयारी मुख्य कार्यकारी अधिकारी आधीपासून करू शकतात.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकेत मी सल्लागार म्हणून गेलो होतो, तेथील उदाहरण देतो. आदल्या वर्षी ठेवी ५४० कोटी रुपये होत्या, त्या ६२० कोटींवर पोचल्या होत्या. वाढ जवळजवळ १५ टक्के आणि उद्दिष्ट १२ टक्के, म्हणून ‘आर्थिक’ या निकषाखाली जवळपास पूर्ण गुण दिले गेले होते. मी दरमहा अखेरच्या शिल्लकांची यादी मागितली, तेव्हा बारा महिन्यांच्या सरासरीत वाढ सात टक्क्यांहूनही कमी निघाली. उरलेला फरक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या ४४ कोटींचा होता. दोन पतसंस्था आणि एक न्यास यांच्याकडून नेहमीपेक्षा अर्धा टक्का जास्त व्याज देऊन, अवघ्या पंधरा दिवसांच्या मुदतीने या ठेवी आणल्या होत्या आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले बहुतेक पैसे परत गेले होते.

थकबाकीचे चित्र याहून गंभीर होते. ४०० कोटींच्या कर्जांपैकी ढोबळ एनपीए २० कोटी, म्हणजे पाच टक्के, दाखवला होता. मात्र वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत सात मोठ्या खात्यांचे थकलेले हप्ते एकदम भरले गेले होते. ते पैसे कोठून आले हे पाहिले, तेव्हा त्याच कर्जदारांच्या भावांच्या आणि पत्नींच्या नावे असलेल्या फर्मना त्याच आठवड्यात नवी कर्जे मंजूर झाल्याचे आढळले. जूनअखेर ही सगळी खाती पुन्हा घसरली आणि एनपीए आठ टक्क्यांवर गेला. तोपर्यंत वेतनवाढ देऊन झाली होती आणि अभिनंदनाचा ठरावही इतिवृत्तात नोंदला गेला होता.

यावर माझी सवय अशी आहे की, ठेवी, कर्जे आणि एनपीए यांच्यासमोर तीन स्तंभ मागवायचे : ३१ मार्चची शिल्लक, ३० एप्रिलची शिल्लक आणि बारा महिनाअखेरींची सरासरी. पहिला स्तंभ इतर दोघांपासून फार दूर असेल, तर आर्थिक निकषाचा रकाना भरायचाच नाही. आधी खुलासा मागवायचा. आढावा मे महिन्यातच संपवला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. जूनअखेरचे आकडे हाती आल्यावर जुलैमध्ये बसले, तरी सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेला पुरेसा वेळ उरतो. नवे संचालक या दोन महिन्यांच्या थांबण्याला कंटाळतात, पण ज्यांना दोन महिने थांबवत नाही त्यांनी मूल्यमापनाची जबाबदारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच निकषाखाली होणारी उलटी चूकही नोंदवतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि रोख्यांच्या किमती उतरल्या. त्या नुकसानीसाठी अधिकाऱ्यांचे गुण कापणे अन्यायाचे आहे, आणि दर उतरल्यावर रोख्यांवर झालेल्या नफ्याचे श्रेय त्यांना देणेही तितकेच चुकीचे आहे. हा भाग बाजूला काढून मगच नफा पाहावा.

सचोटीला सरासरीत मिसळणे

बहुतेक तक्त्यांत आर्थिक कामगिरीला ४०, धोरणाला २५, मनुष्यबळाला २० आणि सचोटीला १५ असे गुण असतात. आता एखाद्या अधिकाऱ्याला अनुक्रमे ३७, २२, १६ आणि ५ गुण मिळाले, तर बेरीज ८० होते आणि श्रेणी ‘उत्तम’ ठरते. सचोटीत पंधरापैकी पाचच गुण मिळवणाऱ्या माणसाच्या हाती ठेवीदारांचे पैसे आहेत, ही गोष्ट त्या बेरजेत दिसेनाशी होते. म्हणून सचोटीला गुण असूच नयेत. ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढीच नोंद करावी, आणि ती असमाधानकारक असेल तर बाकीच्या तीन निकषांची बेरीज करू नये.

ही नोंद कशावरून करायची, असे विचारले जाते. मी वर्षभराची इतिवृत्ते घेऊन बसतो आणि ‘कार्योत्तर मंजुरी’ मिळालेली प्रकरणे मोजतो. अधिकार मर्यादेबाहेरचे कर्ज आधी वाटायचे आणि मग मंडळाकडून मान्यता घ्यायची, असे अपवादाने घडू शकते. पण दर सभेत अशी प्रकरणे येत असतील आणि लाभार्थी त्याच त्या नावांभोवती फिरत असतील, तर वेगळा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अहवालातले जे शेरे ‘पूर्तता केली’ म्हणून बंद झाले आहेत, त्यांतले चार-पाच निवडून मूळ कागद स्वतः पाहतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांमागे लपवली गेल्याचे तपासात पुढे आले. केवळ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पुढे ठेवलेल्या अहवालांवर विसंबून राहणाऱ्या मंडळाला अशी गोष्ट कळण्याचा मार्गच नसतो.

उरलेल्या चुका

निकष वर्ष संपल्यावर ठरवू नयेत; ते एप्रिलच्या पहिल्या सभेत लेखी ठरवून अधिकाऱ्यांच्या हाती द्यावेत. धोरणाच्या निकषात ‘दूरदृष्टी’सारखे शब्द घालू नयेत. त्याऐवजी मंडळाने मंजूर केलेल्या आराखड्यातली कोणती कामे कोणत्या तारखेला पूर्ण झाली, एवढेच विचारावे. अधिकाऱ्यांचा स्वमूल्यमापन अहवाल संचालकांनी स्वतःची मते लिहून झाल्यावरच वाचावा, अन्यथा सर्वांच्या अभिप्रायांत त्याचीच वाक्ये उतरतात. संचालकांचे अभिप्राय अधिकाऱ्यांच्याच हाताखालच्या मनुष्यबळ विभागाने गोळा करणे हा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे. ते बंद पाकिटातून थेट मंडळाच्या मूल्यमापन समितीच्या प्रमुखांकडे जावेत.

मनुष्यबळाच्या निकषासाठी प्रशिक्षणांची संख्या मोजण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्यांना सलग दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावे आणि त्या काळात कोणते निर्णय अडले, कोणत्या फायली त्यांच्या घरी गेल्या, हे पाहावे. दुसरी फळी तयार आहे की नाही, हे त्यातून कळते.

आढाव्याचा निष्कर्ष अध्यक्षांनी एकट्याने, दालनात बोलावून, तोंडी सांगू नये. किमान दोन संचालकांच्या उपस्थितीत लेखी पत्र द्यावे, अधिकाऱ्यांना उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत आणि ते उत्तर पुढील सभेच्या इतिवृत्तास जसेच्या तसे जोडावे.