चाल चोरली म्हणण्याआधी या चुका टाळा

आमच्या यवतमाळकडच्या लग्नात डीजेवर नवं सिनेगीत वाजलं की भजनी मंडळातला एखादा पेटीवाला ओरडतोच, "अबे, हे तं जुन्याच गाण्याची चाल हाय ना बे!" गेल्या हंगामात एका गाण्यावरून असाच वाद पेटला, तेव्हा आम्ही पेटी काढून दोन्ही गाणी समोर ठेवली.

पहिली चूक ठेक्याची. केहरवा आणि डीजेचा धबधबा सारखा असला की चालही तीच वाटते. ढोलकी मनातून काढा आणि नुसते सूर गुणगुणा. दुसरी चूक पट्टीची. जुनं गाणं काळी दोनमध्ये होतं, नवं पांढरी चारमध्ये. दोन्हींचा सा एकाच पट्टीत आणल्याशिवाय सूर जुळवण्यात अर्थ नाही.

ते केल्यावर दोन्हीकडे निघालं "नि सा ग म प", ग आणि नि कोमल. पेटीवाला खूश. पण ही तर भीमपलासीची रोजची वाट आहे! रागाची ठरलेली चढण कुणाच्या मालकीची नसते. सर्वात जास्त फसगत इथेच होते. शिवाय जुन्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पंचमावर येते, नव्यात पहिल्या नि वर. त्यामुळे ओळीचा तोलच बदलतो.

म्हणून आम्ही चढण सोडून ओळीची शेपूट ऐकली. भीमपलासीत उतरताना सहसा "ग रे सा" येतं. जुन्या गाण्यात ग नंतर एक मात्रा रिकामी, मग रे टाळून थेट खालचा नि आणि सा. नव्यातही तेच, तीच रिकामी मात्रासुद्धा. रागाने हे मागितलेलं नाही, ती संगीतकाराची स्वतःची खोड आहे. माझ्या मते चढण सामाईक, शेपूट मात्र संशयास्पद. सम सरकवली म्हणून हा संशय मिटत नाही, कारण ओळख लपवायलाही सम सरकवता येते.

पारावर कुणीतरी म्हणालं, "सात सुरांपर्यंत घेतलं तं चालते." असा नियम कायद्यात कुठेही नाही. 2008 मध्ये संगीतकार राम संपत यांनी आपल्या जाहिरातीच्या छोट्याशा धूनवरून 'क्रेझी 4' या सिनेमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा केला, तेव्हा सिनेमातल्या गाण्यांमध्ये ती धून वापरण्याला न्यायालयाने मनाई केली. सूर किती घेतले यापेक्षा ओळखीचा गाभा उचलला का, हे पाहिलं जातं.

आणि एक, जे आम्ही शेवटी केलं आणि खरं तर आधी करायला हवं होतं: गाण्याची श्रेयनामावली वाचणं. तिथे जुन्या संगीतकाराचं नाव दिलेलं असेल, तर हक्क घेऊन केलेलं पुनर्निर्माण असण्याची शक्यता मोठी. आमच्या गाण्यात ते नव्हतं. पेटीवाल्याने मग जुनं गाणं पुन्हा लावायला सांगितलं.