दुसऱ्या देशात राहून शेंगेन व्हिसा मागताय? वास्तव्याच्या पुराव्यातल्या या चुका टाळा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दोन-तीन वर्षं परक्या देशात राहणाऱ्याला तिथूनच युरोपला फिरून यायचं असतं. पासपोर्ट एका देशाचा, राहणं दुसऱ्या देशात आणि व्हिसा तिसऱ्याचा, असा हा मामला असतो. बँक स्टेटमेंट, विमा, हॉटेलचं बुकिंग यांची तयारी लोक नीट करतात. फाइल अडते ती एका साध्या प्रश्नावर : ज्या देशातून अर्ज करताय, तिथे तुम्ही कोणत्या हक्कानं राहता आणि तो हक्क कधीपर्यंत आहे?

मी अशा बऱ्याच फाइली पाहिल्या आहेत. त्यातल्या वारंवार दिसणाऱ्या चुका इथे सांगतो. नियम शेंगेनचे आहेत, म्हणजे 29 युरोपीय देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसाचे. त्यांचा पाया युरोपीय संघाच्या 2009 सालच्या व्हिसा कोड या कायद्यात आहे.

तिथे असणं आणि तिथे राहणं यात गल्लत

व्हिसा कोडच्या कलम 6 नुसार, अर्जदार कायदेशीरपणे जिथे राहतो त्या भागाच्या दूतावासानं त्याचा अर्ज तपासायचा असतो. पर्यटक म्हणून आलेला माणूस त्या देशात कायदेशीरपणे हजर असतो, पण त्याचं तिथलं वास्तव्य धरलं जात नाही. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का किंवा व्हिजिटर व्हिसा हजेरी सिद्ध करतो. वास्तव्यासाठी रेसिडेन्स परमिट, विद्यार्थी किंवा कामगार म्हणून मिळालेली दीर्घ मुदतीची परवानगी, असं काहीतरी लागतं.

मुलाकडे तीन महिने राहायला गेलेले आईवडील हमखास इथेच अडकतात. मुलाचं परमिट, मुलाचं घर, मुलाचा पगार, सगळं फाइलमध्ये असतं. आईवडिलांच्या नावावर मात्र फक्त व्हिजिटर व्हिसा असतो. मुलाचं वास्तव्य त्यांना लागू होत नाही.

याला एक अपवाद आहे. कलम 6 च्याच दुसऱ्या भागात म्हटलंय, की जो तिथे कायदेशीरपणे हजर आहे पण राहत नाही, त्याचा अर्जही घेता येतो. मात्र इथूनच अर्ज का करतोय याचं सबळ कारण त्यानं द्यायला हवं. ‘इथे अपॉइंटमेंट लवकर मिळते’ हे कारण चालत नाही. निघण्याआधी राहत्या देशातून अर्ज करणं शक्य होतं का, हा खरा सवाल आहे. समजा, एखाद्या इंजिनिअरला कंपनीनं सहा आठवड्यांसाठी दुसऱ्या देशातल्या साइटवर पाठवलं. तिथे असतानाच युरोपातल्या कारखान्यात मशीन बंद पडलं आणि त्याला तातडीनं बोलावणं आलं. त्याच्याकडे बोलावण्याचं तारखेसह पत्र आहे, कामाचं वेळापत्रक आहे. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाऊ शकतं. ज्याला सहलीची कल्पना महिनाभर आधीपासून होती, त्याला हा दरवाजा उघडणं अवघड आहे.

परमिटची मुदत चुकीच्या दिवसापासून मोजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

पासपोर्टची अट लोकांना पाठ असते : शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर निदान तीन महिने तो वैध हवा. पण अनेक दूतावासांच्या चेकलिस्टमध्ये राहत्या देशाच्या परमिटलाही अशीच तीन महिन्यांची अट असते. ती मोजायची शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेपासून. अर्ज भरताना परमिट वैध आहे, प्रवासातही वैध राहणार आहे, एवढ्यानं भागत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. ब्रिटनमध्ये एक वर्षाचं मास्टर्स करणारी विद्यार्थिनी. कोर्स 30 सप्टेंबर 2025 ला संपला. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या कोर्सनंतर चार महिने जादा मिळतात, त्यामुळे तिची स्टुडंट परवानगी 30 जानेवारी 2026 पर्यंत होती. तिला नाताळात युरोप पाहायचं होतं : 18 डिसेंबरला निघून 2 जानेवारीला परत. तिला वाटलं, परत आल्यावरही चार आठवडे हातात आहेत, मग अडचण कसली? पण 2 जानेवारीपासून तीन महिने मोजले की 2 एप्रिल येतो. परवानगी दोन महिने कमी पडत होती. त्या परवानगीवर जायचं तर 30 ऑक्टोबरच्या आत परतणं भाग होतं.

मग तिनं ठरवलं, शिक्षणानंतर तिथेच राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करायचा आणि निकाल येईपर्यंत फिरून यायचं. यात पुढची चूक दडलेली होती.

विस्ताराचा अर्ज अडकलेला असताना प्रवास ठरवणं

मुदत संपण्याआधी पुढच्या परवानगीसाठी अर्ज केला, की ब्रिटिश कायद्यातल्या कलम 3C मुळे निकाल लागेपर्यंत जुनी परवानगी चालू राहते. म्हणजे वास्तव्य कायदेशीरच असतं. पण निकाल येण्याआधी तुम्ही कॉमन ट्रॅव्हल एरियाबाहेर गेलात, म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन सोडून बाहेर पडलात, तर तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. युरोपातली दोन आठवड्यांची सहल दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसाच्या मुळावर येऊ शकते. परत येताना हातात उरतात फक्त जुन्या परवानगीचे शिल्लक दिवस. तेही संपले असतील, तर विमानात बसणंही कठीण.

शेंगेन दूतावासाच्या बाजूनंही हे गणित जुळत नाही. ‘अर्ज मिळाला’ अशी ईमेल दाखवून तीन महिन्यांची अट पुरी होत नाही, कारण त्या ईमेलवर शेवटची तारीखच नसते.

म्हणून क्रम पाळावा लागतो. विद्यापीठानं कोर्स पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवलं, की ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज. त्याचा निकाल साधारणपणे आठ आठवड्यांत येतो. निकाल हातात आल्यावरच शेंगेनची अपॉइंटमेंट. आमच्या विद्यार्थिनीनं नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज केला, नाताळची तिकिटं काढलीच नाहीत आणि सहल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ढकलली. डिसेंबरच्या मध्याला मंजुरी आली आणि तिची परवानगी 2027 च्या डिसेंबरपर्यंत गेली. शेंगेनचा अर्ज तिनं जानेवारीत दिला. निर्णयाला नियमानं 15 दिवस लागतात, अडचण असेल तर 45 पर्यंत जातात. तेवढी जागा तिनं ठेवली होती.

डिजिटल परवानगीचा अर्धाच पुरावा देणं

ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकचं कार्ड नाही, परवानगी ई-व्हिसाच्या रूपात तुमच्या ऑनलाइन खात्यात असते. जुनं बीआरपी कार्ड जपून ठेवून त्याची झेरॉक्स फाइलला लावणारे अजून भेटतात. अनेक कार्डांवर शेवटची तारीख 31 डिसेंबर 2024 छापलेली होती, मग खरी परवानगी त्यापुढची असली तरी. ती झेरॉक्स पाहणाऱ्याला वाटतं, याची मुदत केव्हाच संपली.

`View and prove your immigration status` या सरकारी सेवेत लॉगिन करून, तुमची परवानगी दुसऱ्याला ऑनलाइन तपासता येईल असा शेअर कोड काढायचा. इथे कारण विचारलं जातं. नोकरीसाठीचा कोड W नं सुरू होतो, घरभाड्यासाठीचा R नं. व्हिसासाठी लागतो इतर कारणाचा, S नं सुरू होणारा कोड. घाईघाईत W चा कोड दिला, तर तो दूतावासाच्या कामाचा नसतो. कोड 90 दिवस चालतो, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या आठवड्यातच ताजा काढावा आणि सोबत परवानगीच्या पानाची प्रत जोडावी. त्या पानावर तुमचा फोटो, परवानगीचा प्रकार आणि शेवटची तारीख दिसली पाहिजे.

दरम्यान पासपोर्ट नवा केला असेल, तर आधी खात्यात नवा नंबर नोंदवा. खात्यात जुना पासपोर्ट आणि अर्जात नवा, ही विसंगती पाहणाऱ्याला शंका घ्यायला पुरेशी असते. शेंगेनच्या फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाच्या देशाबाहेर राहता का आणि परमिट कधीपर्यंत वैध आहे, असा वेगळा प्रश्न आहे. तिथली तारीख ई-व्हिसावरच्या तारखेशी तंतोतंत जुळवा.

राहण्याचा हक्क म्हणजे परत येण्याचा हक्क असं समजणं

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याचं स्टेटस विद्यापीठानं दिलेल्या आय-20 वर आणि देशात प्रवेशाची नोंद असलेल्या आय-94 वर टिकून असतं, पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प कधीच संपलेला असू शकतो. तो तिथे कायदेशीरपणे राहतो. एकदा बाहेर पडला, की युरोपातून परतताना मात्र नवा व्हिसा लागतो. कॅनडा, मेक्सिकोला तीस दिवसांच्या आतल्या फेरीसाठी जुन्या स्टॅम्पवर परतण्याची सवलत असते, ती युरोपच्या प्रवासाला लागू नाही.

शेंगेनचा अधिकारी तुम्ही वेळेत निघून जाल का, हे तपासत असतो. जायचंय कुठे? राहत्या देशात. मग त्या देशात तुम्हाला आत घेतलं जाईल याचा पुरावा हवाच. आय-20 वर प्रवासासाठी विद्यापीठानं केलेली सही साधारणपणे एक वर्ष चालते, ओपीटीवर म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर असाल तर सहा महिने. ही सही परतीच्या दिवशीही ताजी राहील का, ते बुकिंग करण्याआधी पाहा.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट : अनेक शेंगेन देशांनी आपल्या दूतावासांत राज्यं वाटून घेतलेली असतात. तुम्ही ज्या राज्यात राहता, त्याच राज्याच्या दूतावासाकडे जायचं. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, वीजबिल किंवा बँकेचं स्टेटमेंट चालतं. सुट्टीत मित्राकडे राहताय म्हणून त्याच्या शहरातली अपॉइंटमेंट घेऊ नका.

अर्ज परत आला, की नाकारला?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दूतावासाला तुमचा अर्ज आपल्या अखत्यारीत नाही असं वाटलं, तर व्हिसा कोडच्या कलम 18 नुसार त्यानं कागदपत्रं परत द्यायची, व्हिसा फी परत करायची आणि अर्ज कुठे करायचा तेही सांगायचं. हा नकार नव्हे. पुढच्या फॉर्ममध्ये तो नकार म्हणून लिहू नका. व्हिसा नाकारला असेल, तर कारणांवर खूण केलेला ठरलेला नमुना मिळतो. तो मिळाला असेल तर पुढच्या फाइलमध्ये त्याच कारणाला उत्तर देणारा कागद सगळ्यात वर ठेवा : नव्या मुदतीचा ई-व्हिसा, ताजी सही केलेला आय-20, किंवा तीन महिन्यांची अट पुरी होईल अशा बदललेल्या तारखांचं बुकिंग.