एचटी रिलेत दोन फेजला करंट, फॉल्ट मात्र एलटीला

भोसरीतला 22 केव्ही/433 व्होल्ट, डीवायएन-11 ट्रान्सफॉर्मर ओव्हरकरंटवर ट्रिप होत होता. रेकॉर्डमध्ये आर 60, वाय 60 अँपियर, बी जवळपास शून्य आणि अर्थ फॉल्ट एलिमेंट गप्प. सगळे म्हणाले आर-वाय शॉर्ट, एचटी केबल मेगर केली, ओके, बीचा सीटीही ओके. डोकं फिरलं.

मग आधी अँगल बघितला, आर-वायमध्ये 180, म्हणजे एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. आर-वायमधल्या डेल्टा वाइंडिंगच्याच लिंबवर एलटीची आर वाइंडिंग असते. रेशो 22000 भागिले 250 म्हणजे 88, त्यामुळे एलटीच्या आर फेजला साधारण 5280 अँपियर, म्हणजे अर्थ फॉल्ट तिथेच. झिरो सिक्वेन्स डेल्टातच फिरतो, एचटीचा अर्थ फॉल्ट रिले उचलणार कसा! शटडाउन घेऊन न्यूट्रल लिंक काढली, एलटी फीडर एकेक मेगर केले, कंप्रेसरच्या केबलची आर फेज ग्लँडपाशी सोललेली निघाली. केबल बदलली, एलटी न्यूट्रलच्या सीटीवर स्टँडबाय अर्थ फॉल्ट रिले लावला.