भाडेकरूच्या पत्त्याचं पत्र: सेक्रेटरीकडे येण्याआधी काय जमवाल

गेल्या जुलैत आमच्या इमारतीत कोल्हापूरहून बदली होऊन एक शिक्षिका राहायला आल्या. बँकेत पत्ता बदलायला गेल्या तर वीजबिल मागितलं. बिल होतं, पण त्यावर नाव फ्लॅटच्या मालकाच्या वडिलांचं, आणि ते वारून सहा वर्षं झालेली. मालक डोंबिवलीला, येणार ते गणपतीतच. बाई माझ्याकडे आल्या, मी सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत दारात. "काका, पत्र परत पाठवलं."

चूक माझी होती. मी लिहिलं होतं, "सदर व्यक्ती फ्लॅट नं. २०४ मध्ये राहतात." वीजबिलावर मात्र 'बी-७' असं होतं, बिल्डरनं मीटर घेताना टाकलेला जुना नंबर. म्हणजे बँकेतल्या माणसासमोर तीन कागद होते आणि त्यांत तीन नावं, दोन फ्लॅट नंबर. ही सगळी एकाच घराची कागदपत्रं आहेत असं त्यानं कशावरून मानायचं? तेव्हापासून मी पत्र लिहायला बसण्याआधी भाडेकरूला काही कागद आणायला सांगतो. रत्नागिरीच्या कडेला राहणाऱ्या आम्हा मंडळींकडे ही वेळ वरचेवर येते, कारण निम्मे मालक मुंबईत आणि मीटर कुणाच्या तरी जुन्या नावावर.

पहिला कागद लिव्ह अँड लायसन्स कराराचा, आणि तो नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून चालतो असं अजून पुष्कळ जण सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. कराराची पूर्ण प्रत आणा, त्यातला दस्त क्रमांक व तारीख मी पत्रात घालतो. करारात फ्लॅट नंबर, मजला, इमारतीचं नाव कसं लिहिलंय ते सही करण्याआधीच वाचा. ऑनलाइन नोंदणी करताना एजंट घाईत 'बी विंग' गाळतो, आणि पुढे वर्षभर तो कागद प्रत्येक ठिकाणी अडतो.

दुसरा कागद महावितरणचं ताजं बिल. दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, कारण बँका पत्त्यासाठी तेवढ्याच मुदतीचं बिल धरतात. त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक महत्त्वाचा. मीटरच्या खोलीत जाऊन तो मीटर खरंच तुमच्या फ्लॅटचा आहे ना, हेही पाहून या. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळला की झालं. आमच्याकडे दोन शेजाऱ्यांची बिलं कित्येक महिने उलटसुलट भरली जात होती, ते अशाच एका पत्रामुळे उघडकीला आलं.

तिसरं म्हणजे मालकाचं सोसायटीला दिलेलं पत्र. भाडेकरू ठेवल्याचं मालकानं लेखी कळवायचं असतं, सोबत कराराची आणि पोलिसांत दिलेल्या माहितीची प्रत. ते माझ्या दप्तरी नसेल तर मी तुम्हाला रोज जिन्यात पाहत असलो तरी पत्र देऊ शकत नाही. मी दप्तरात जे आहे तेवढ्याचीच खात्री देतो. आणि चौथं, आधारची प्रत. पत्ता जुना असला तरी चालेल, मला नावाचं अचूक स्पेलिंग हवं असतं. 'सौ.' लावलेलं नाव, माहेरचं नाव, वडिलांचं नाव असलेलं आणि नसलेलं नाव, यांतलं कुठलं घालायचं ते जिथे पत्र जाणार तिथल्या कागदाप्रमाणे ठरवा.

आता पत्र. दुसऱ्यांदा मी आधी 'आय' नमुन्याचं सभासद रजिस्टर काढलं. वडिलांच्या पश्चात भाग दाखला मुलाच्या नावावर झाल्याची नोंद तिथे होतीच. मग लिहिलं ते असं: "आमच्या संस्थेतील सदनिका क्र. २०४ (बिल्डरच्या नकाशाप्रमाणे व वीजबिलावर बी-७) या सदनिकेत श्रीमती अमुक या दिनांक अमुकपासून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत आहेत. दस्त क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. सदर सदनिकेचे वीजबिल, ग्राहक क्रमांक अमुक, हे विद्यमान सभासदाच्या दिवंगत वडिलांच्या नावे येते. सभासदत्व हस्तांतराची नोंद संस्थेच्या दप्तरी आहे." सगळा भार या मजकुरावरच आहे. बिलावरच्या नावापासून मालकापर्यंत आणि मालकापासून भाडेकरूपर्यंत एकेक दुवा जोडला गेला, आणि बँकेनं ते ठेवून घेतलं.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. 'कायमचे रहिवासी' लिहायचं नाही. वागणूक चांगली असल्याचा दाखला त्यातच घुसडायचा नाही. भाड्याची रक्कम लिहायची नाही, ती कुणाला लागत नाही. आणि मागची तारीख कधीच नाही, कितीही अडलेलं असो. मुलाच्या शाळाप्रवेशासाठी वर्षभर आधीची तारीख मागणारे पालक माझ्याकडे आले आहेत. वाईट वाटतं, पण करारावर जी तारीख आहे तीच पत्रावर येते.

सोसायटीचा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर छापलेला असतो, तरी गोल शिक्क्यातही तो वाचता आला पाहिजे. आपल्या पावसाळी दमटपणात शिक्क्याची शाई कागदावर पसरते आणि आकडे बुजतात. म्हणून मी शिक्का मारून पत्र पंख्याखाली वाळवतो, मगच घडी घालतो. सही, सहीखाली नाव, हुद्दा, जावक क्रमांक आणि तारीख. फ्लॅट खुद्द सेक्रेटरीचाच भाड्यानं दिलेला असेल तर सही अध्यक्षांनी करावी, हे बरं दिसतं.

हे पत्र कुठे चालत नाही हे घरूनच जाणून निघा, म्हणजे खेप वाचेल. बँकेच्या केवायसीत हे जोडकागद आहे. आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांच्या जागी ते बसत नाही. मतदार यादीच्या नमुना ६ साठी भाडेकरूकडून नोंदणीकृत करार मागतात, पासपोर्टसाठीही भाडेकरूच्या कामी येतो तो करारच. सोसायटीचं पत्र त्या यादीत नाही. गॅस एजन्सी, इंटरनेटची जोडणी, शाळा, कंपनीचं एचआर इथे मात्र करार, बिल आणि हे पत्र एकत्र दाखवलं की बहुधा काम होतं. पत्र कुणासाठी हवं ते मला आधी सांगा, मी पत्रात तसा उल्लेख करतो. मोघम पत्र फिरत राहिलेलं मला आवडत नाही.

दोन प्रती काढतो. एक तुमची, दुसरीवर 'मिळाले' म्हणून तुमची सही घेऊन फाइलला. करार नव्यानं झाला की जुनं पत्र चालत नाही, नव्या दस्त क्रमांकाचं पत्र घ्यायला या. आणि फ्लॅट सोडताना एक चिठ्ठी द्या, म्हणजे रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे जाण्याची तारीख घालता येईल. पुढच्या भाडेकरूचं पत्र मी तिथूनच सुरू करतो.