‘लागू असतील तेवढ्या सर्वांवर खूण करा’: टक्केवारी काढण्याआधीची तयारी

एकाहून अधिक पर्यायांवर खूण करता येते असा प्रश्न हाताळताना गोंधळ होतो तो भाजकात, म्हणून आधी भाजक ठरवून घ्या. उदाहरण म्हणून एका ग्रंथालयाची काल्पनिक पाहणी घेऊ. ‘ग्रंथालयात कशासाठी येता?’ असा प्रश्न आहे, २०० जणांनी फॉर्म भरला, पण २० जणांनी हा प्रश्न कोरा सोडला. उरलेल्या १८० जणांनी मिळून ३६० खुणा केल्या: पुस्तके बदलणे १२६, वर्तमानपत्र वाचन ९०, अभ्यासिका ७२, बालविभाग ३६, कार्यक्रम ३६.

आता ‘पुस्तके बदलणे’ किती टक्के? माणसांनी भागले (१२६ ÷ १८०) तर ७० टक्के, खुणांनी भागले (१२६ ÷ ३६०) तर ३५ टक्के. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे. पहिले सांगते की दर दहा वाचकांमागे सात जण पुस्तके बदलायला येतात. दुसरे सांगते की नोंदवलेल्या सगळ्या कारणांत या कारणाचा वाटा ३५ टक्के. अहवालात ‘३५ टक्के वाचक पुस्तके बदलायला येतात’ असे छापले गेले, तर ती सरळ चूक आहे, आणि ती वरचेवर दिसते, कारण १०० ला बरोबर जुळणारी बेरीज पाहून कुणाला शंकाच येत नाही.

कोऱ्या २० जणांचे काय करायचे, हेही आत्ताच ठरवा. त्यांना धरले तर ७० चे ६३ टक्के होतात. ‘यांपैकी काहीच नाही’ हा पर्याय फॉर्मवर नसेल, तर कोरे म्हणजे ‘काहीच लागू नाही’ की ‘प्रश्न वाचलाच नाही’ हे मागाहून कळायला मार्ग नसतो. फॉर्म अजून पाठवला नसेल तर तो पर्याय आजच घाला.

मग माहितीची मांडणी. गूगल फॉर्ममधून शीटमध्ये एका माणसाच्या सगळ्या खुणा एकाच चौकटीत, स्वल्पविरामाने जोडून येतात. म्हणून पर्यायाच्या नावातच स्वल्पविराम ठेवू नका, तुकडे करताना एका पर्यायाचे दोन होतात. प्रत्येक पर्यायाला एक स्तंभ करा, वर पहिल्या ओळीत पर्यायाचे नेमके नाव लिहा आणि खाली हे सूत्र ओढा (उत्तरे C स्तंभात आहेत आणि पर्यायांचे स्तंभ E पासून सुरू होतात असे धरून, E2 मध्ये):

```
=IF($C2="","",IF(ISNUMBER(SEARCH(E$1,$C2)),1,0))
```

खूण असेल तर १, नसेल तर ०, आणि कोऱ्याला रिकामे. या स्तंभाची AVERAGE म्हणजेच उत्तर देणाऱ्यांची टक्केवारी. एक खाचखळगा आहे: ‘वर्तमानपत्र’ शोधले की ‘जुनी वर्तमानपत्रे’ हा पर्यायही मोजला जातो. म्हणून एका पर्यायाचे नाव दुसऱ्याच्या पोटात बसत नाही ना, ते पाहून घ्या, आणि दहा-बारा ओळी डोळ्यांनी पडताळा.

खरी फसगत गटांची तुलना करताना होते. समजा, ६० विद्यार्थ्यांनी ९० खुणा केल्या, त्यांतल्या ३६ पुस्तके बदलण्यावर. ६० ज्येष्ठांनी १५० खुणा केल्या, त्यांतल्या ४५ त्याच पर्यायावर. माणसांनी भागा: विद्यार्थी ६० टक्के, ज्येष्ठ ७५ टक्के. खुणांनी भागा: विद्यार्थी ४० टक्के, ज्येष्ठ ३० टक्के. निष्कर्षच उलटला! ज्येष्ठांचा रस कमी झालेला नाही, त्यांनी माणशी अडीच खुणा केल्या आणि विद्यार्थ्यांनी दीड, एवढाच फरक. म्हणून गटांची तुलना माणसांच्या टक्केवारीवरच करा, आणि माणशी सरासरी खुणा शेजारी द्या. खुणांची टक्केवारी राखून ठेवा ती जिथे प्रत्येक खूण हेच मोजायचे एकक आहे तिथे, उदाहरणार्थ एकूण तक्रारींत कोणत्या प्रकाराचा वाटा किती.

पर्याय एकत्र करायचे असतील तर टक्केवाऱ्यांची बेरीज करू नका. बालविभाग २० टक्के आणि कार्यक्रम २० टक्के, म्हणून ‘दोन्हींपैकी काहीतरी’ ४० टक्के होत नाही. १२ जणांनी दोन्हींवर खूण केली असेल, तर माणसे ३६ + ३६ − १२ = ६०, म्हणजे ३३ टक्के.

मांडताना वर्तुळाकृती आलेख टाळा, तो संपूर्णाचे तुकडे दाखवतो आणि इथे माणसांच्या टक्केवारीची बेरीज २०० आहे. आडव्या पट्ट्या घ्या, मोठीपासून लहानीकडे लावा, अक्ष शून्यापासून सुरू करा. ‘इतर’ मात्र आकडा कितीही असो, तळाशीच. आलेखाखाली एवढी ओळ छापा: ‘आधार: प्रश्नाचे उत्तर देणारे १८० वाचक (२० कोरे वगळून). एकाहून अधिक पर्याय निवडता येत असल्याने बेरीज १०० टक्क्यांहून जास्त.’