अर्धवट गोदाम पुरे करायचे की विकायचे? हिशेबातील या चुका टाळा

अर्धवट गोदामाचे हिशेब माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची पहिली ओळ 'आजवर झालेला खर्च' अशी असते. तिथेच घोटाळा सुरू होतो.

दोन भागीदारांनी मला आपला कागद दाखवला होता. बांधकामावर ९६ लाख खर्च झाले होते, उरलेल्या कामाला ४८ लाख लागणार होते आणि पूर्ण झालेले गोदाम जमिनीसह १ कोटी १५ लाखांना विकले जाईल असा अंदाज होता. एकाचे म्हणणे होते की इतके पैसे घातल्यावर मागे फिरता येणार नाही; दुसऱ्याने ९६ आणि ४८ यांची बेरीज करून २९ लाखांचा तोटा काढला आणि काम थांबवा म्हणाला. दुसरा सावध वाटतो, पण चूक दोघांचीही एकच आहे. ते ९६ लाख काम पुढे नेले तरी गेलेले आहेत आणि थांबवले तरी गेलेले आहेत, म्हणून ते कोणत्याच बाजूला मांडता येत नाहीत. निर्णय काहीही घेतला तरी परत न येणारा असा खर्च म्हणजे बुडीत खर्च.

याहून मोठी चूक म्हणजे पैसे दिल्याच्या तारखेवरून बुडीत खर्च ठरवणे. त्यांच्या ४८ लाखांत ठेकेदाराचे झालेल्या कामाचे ६ लाखांचे थकीत बिल होते. ते अजून दिलेले नसले तरी बुडीतच आहे, कारण काम थांबवूनही ते चुकत नाही. उलट, पूर्ण पैसे दिलेले लोखंडी कैच्या आणि पत्रे आवारात पडून होते. व्यापारी ते ९ लाखांना घ्यायला तयार होता, म्हणजे गोदामात वापरल्यास ते ९ लाख हातचे जातात. जमीन आणि उभा सांगाडा यांना आहे त्या स्थितीत ७० लाखांचा भाव होता, तोही कागदावर नव्हता.

मी मांडणी नेहमी दोनच रकान्यांत करतो. ४८ मधून थकीत ६ वगळले की उरतात ४२, म्हणून पुरे केल्यास ११५ वजा ४२, म्हणजे ७३ लाख. थांबल्यास ७० अधिक ९, म्हणजे ७९ लाख. शिवाय पुरे केल्याचे पैसे काम संपून विक्री झाल्यावरच येणार.

बदलीवर दुसऱ्या कामावर जाणारा कायम पगाराचा पर्यवेक्षक आणि ताळेबंदातला घसारा या हिशेबात धरू नये. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बोल्टांची आणि सळ्यांची दुरुस्ती मात्र उरलेल्या खर्चात धरावीच. ठेकेदाराचे जुने अंदाजपत्रक तसेच वापरणे हा मला मुळीच न पटणारा आळस आहे.

घाई करणारे लोक फरक पाहताच निर्णय घेतात. मी आधी कोणत्या भावाला उत्तर उलटते ते काढतो. इथे तो आकडा ७३ वजा ९, म्हणजे ६४ लाख होता: जमीन आणि सांगाड्याला त्याहून कमी मिळणार असतील, तर पुरे करणेच बरे. म्हणून त्या दोघांना मी आधी तोंडी सांगितलेल्या ७० लाखांचा प्रस्ताव बयाण्यासह लेखी आणायला लावले.