पारगम्यतेच्या प्रॅक्टिकलची आदल्या दिवशीची तयारी

मोल्डसाठी आतून 10 सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, दोन झाकणं, रबरी गॅस्केट आणि झाकणं आवळायला थ्रेडेड रॉड व विंग नट एवढं पुरतं. नमुन्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलची जाळी आणि फिल्टर पेपर लागेल. वाळूसाठी कॉन्स्टंट हेड, म्हणजे पाण्याची पातळी स्थिर ठेवून, आणि गाळमिश्रित मातीसाठी फॉलिंग हेड, म्हणजे पातळी उतरू देऊन. मोल्ड तोच राहतो, फक्त वरची जोडणी बदलते.

वाळू भरण्याआधी एकदा नुसत्या जाळ्या लावून पाणी सोडून बघा. तेवढ्याच हेडवर प्रवाह वाळू भरल्यावरच्या निदान दहापट हवा. तो कमी आला तर नळ्या अरुंद आहेत आणि तुम्ही मातीऐवजी नळीचा अडथळा मोजणार आहात. स्वस्त उपकरणात ही चूक सर्रास होते. खरं तर मोल्डपेक्षा नळ्यांवर चार पैसे जास्त गेलेले बरे.

पाणी उकळून झाकून गार करायला आदल्या दिवशीच ठेवा, म्हणजे विरघळलेली हवा बरीच निघून जाते. नमुना नेहमी खालून वर, हळूहळू भिजवा. वरून पाणी ओतलं की हवा आत अडकते आणि मातीचा पारगम्यता गुणांक k कमी येतो.

फॉलिंग हेडसाठी पारदर्शक नळीच्या आतल्या व्यासाचा छापील आकडा वापरू नका. मोजलेलं पाणी ओतून ते किती उंच चढतं ते बघा आणि त्यावरून नळीच्या आतल्या छेदाचं क्षेत्रफळ a काढा. उंची टेबलापासून नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पातळीपासून मोजा. तिथून 100, 80 आणि 64 सेंमीवर खुणा करा. 100/80 आणि 80/64 ही गुणोत्तरं सारखी, त्यामुळे दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागायला हवा. समजा a 0.785 चौ.सेंमी, नमुन्याच्या छेदाचं क्षेत्रफळ A 78.5 चौ.सेंमी, त्याची लांबी L 12 सेंमी आणि दोन्ही टप्प्यांना 223 सेकंद लागले. मग

```
k = 2.303 (aL / At) log10(h1/h2)
```

यात सुरुवातीची उंची h1 = 100 सेंमी, शेवटची h2 = 64 सेंमी आणि दोन्ही टप्प्यांचा मिळून वेळ t = 446 सेकंद घातले की k सुमारे 1.2 × 10⁻⁴ सेंमी/सेकंद येतो. दुसऱ्या टप्प्याला बराच जास्त वेळ लागला तर बारीक कण जाळीत अडकत असतील किंवा पातळीची शून्य-खूण चुकली असेल.

पण या खुणा गळती पकडत नाहीत. गळतीही साधारण हेडच्या प्रमाणात कमी होत जाते, त्यामुळे वेळ सारखेच दिसतात आणि k मात्र फुगलेला येतो. म्हणून बाहेरची नळी चिमट्याने बंद करा, उभी नळी भरा आणि दहा मिनिटं पातळीकडे लक्ष ठेवा. ती उतरली तर आधी गॅस्केट बघा. मोल्डच्या भिंतीलगत पाणी निसटत असेल तर मात्र ही चाचणीही काही सांगणार नाही, त्यासाठी माती थराथराने, कडेपर्यंत नीट ठोकूनच भरावी लागते.

शेवटी थर्मामीटर विसरू नका. रीडिंगशेजारी पाण्याचं तापमान लिहिलं नाही तर दोन गटांच्या k ची तुलना करता येणार नाही.